मुद्दा क्रमांक चार

फाइलमध्ये एकूण सात कागद होते. सगळ्यात वर तक्रार कक्षाचं पत्र, त्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा जांभळा शिक्का. त्याखाली तक्रारीचा टाइप केलेला गोषवारा, एक पान, पाच मुद्दे. मग मी संगणकावर केलेल्या नोंदीची छापील प्रत, अकरा ओळी. मग त्या दिवशीच्या औषधांच्या चिठ्ठीची प्रत. मग रक्ततपासणीचा अहवाल, दोन पानं. आणि शेवटी टोकनच्या यंत्रातून काढलेली पट्टी : टोकन चौतीस, आत बोलावलं अकरा बेचाळीस आणि पाच सेकंद, टोकन पस्तीस, आत बोलावलं अकरा अठ्ठेचाळीस आणि पंधरा सेकंद. वजाबाकी मी लगेच केली. सहा मिनिटं दहा सेकंद. गोषवाऱ्यातला पहिला मुद्दा असा होता की डॉक्टरांनी जेमतेम चार मिनिटं दिली. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी ती पट्टी टाचणीनं गोषवाऱ्याच्या वर लावली, उघडणाऱ्याला आधी तीच दिसावी अशी. मग खुर्चीत मागे टेकून दुपारच्या रिकाम्या बाह्यरुग्ण विभागाकडे बघत राहिले. बाकं पुसून झाली होती, फरशीवर फिनेलचा ओला पट्टा होता, आणि भिंतीवरच्या लाल आकड्यात शेवटचं टोकन अजून जळत होतं, अठ्ठावन्न.

उत्तर सात कामकाजाच्या दिवसांत द्यायचं होतं. आज तिसरा. नियम पत्रातच छापले होते : उत्तर मुद्देसूद असावं, वैद्यकीय अधीक्षकांमार्फत जावं, आणि तक्रार निकाली निघेपर्यंत संबंधित डॉक्टरांनी रुग्णाशी वा नातेवाइकांशी थेट संपर्क ठेवू नये. हा नियम शहाणपणाचा आहे. कुणीतरी कधीतरी फोन करून रुग्णाला दमदाटी केली असणार, त्याशिवाय असे नियम होत नाहीत. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळा विभाग नुसतं सर म्हणतो, त्यांनी सकाळीच जिन्यात गाठून सांगितलं होतं की पहिलीच तक्रार आहे तेव्हा घाबरू नकोस, त्यांच्या कपाटात स्वतःच्या एकोणीस आहेत, बाइंडिंग करून घ्यायचा विचार आहे. आणि मग एक पायरी खाली उतरून, आवाज बदलून : दिलगिरी व्यक्त कर, चूक कबूल करू नकोस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मान हलवली. मला फरक कळला होता. फरक कळण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर दहा मिनिटांत लिहून झालं. ‘यंत्रातील नोंदीनुसार आपणास सहा मिनिटे दहा सेकंद वेळ देण्यात आला.’ वाक्य लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसले, कारण ते मी आधी कुठंतरी लिहिलं होतं. शिकत असताना माझा प्रबंध याच विषयावर होता. चार महिने मी पडद्यामागे एका स्टुलावर बसून स्टॉपवॉचनं माझ्या गुरूंच्या तपासण्या मोजल्या होत्या, तीनशे बारा तपासण्या, सरासरी सात मिनिटं चाळीस सेकंद, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं होतं की तुमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं असं वाटतं का. निष्कर्ष असा निघाला की मिनिटांचा आणि समाधानाचा फारसा संबंध नाही. डॉक्टरांनी किती वेळा मान वर करून पाहिलं त्याचा आहे. या निष्कर्षाला एका परिषदेत बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र घरी आईनं फ्रेम करून दारासमोर लावलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते की हिनं डॉक्टरांनाच घड्याळ लावलं. गोषवाऱ्यातला दुसरा मुद्दा होता : ‘संपूर्ण वेळ डॉक्टर संगणकाकडे बघत होत्या.’ त्या स्टुलावर बसून मी एक गोष्ट मात्र कधीच मोजली नव्हती, ती म्हणजे डॉक्टरांनी काय विचारायचं राहिलं. न विचारलेलं मोजायला यंत्र नाही. हा विचार त्या दुपारी असाच डोक्यात येऊन गेला, आणि मी तो जाऊ दिला.

दुसऱ्या मुद्द्याला उत्तर देणं सोपं होतं, कारण संगणकाकडे बघणं सक्तीचं आहे. नोंद भरल्याशिवाय चिठ्ठी छापली जात नाही, आणि सहा मिनिटं झाली की पडद्याची कड पिवळी होते. आवाज काही होत नाही, नुसती बोटभर पिवळी कड. नव्यानं रुजू झाले तेव्हा मी तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आता ती व्हायच्या आधी माझ्या मानेला कळतं. त्या दिवशी टोकन चौतीसला कड पिवळी झाली ती चिठ्ठी छापताना, म्हणजे मी वेळेत होते. ‘नोंदी संगणकावर करणे बंधनकारक असल्याने’ असं लिहिलं. तिसरा मुद्दा गुडघ्याचा. गुडघा दुखतो हे त्यांना सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही. ते मला आठवत होतं. ते उठता उठता टेबलाला धरून म्हणाले होते की गुडघ्याचं जरा, आणि मी म्हणाले होते की ते हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, खालच्या मजल्यावर. त्यांनी दाखवलंही असणार. शिस्तीचे गृहस्थ. ‘योग्य विभागाकडे जाण्याचा सल्ला देण्यात आला.’

हे गृहस्थ आमच्या मनोविकार विभागात स्केलकाका म्हणून ओळखले जातात. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते आयुष्यभर नकाशे आखत होते, आता निवृत्त आहेत, एकसष्ट वर्षांचे, पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी अजून असते. बहिणीबरोबर राहतात. जुन्या जाड फाइलमध्ये त्यांच्या पहिल्या आजारपणाची हकीकत आहे, कुणा जुन्या डॉक्टरांनी सुरेख अक्षरात लिहिलेली : बावीस वर्षांपूर्वी आठ दिवस आणि आठ रात्री न झोपता त्यांनी एका शहराचा पाणीपुरवठ्याचा नकाशा काढला, प्रत्येक जलवाहिनी, प्रत्येक झडप, व्यासासकट, असं शहर कुठंच नव्हतं. नवव्या दिवशी ते कचेरीच्या गच्चीवर चढले, टाक्या भरल्यात का ते बघायला. तिथून त्यांना खाली आणलं आणि लिथियम सुरू केलं. तेव्हापासून रोज तीन गोळ्या, आणि बावीस वर्षांत एकदाही गच्ची नाही. लिथियम हा एक साधा क्षार आहे, वाळूसारखा जुना, त्याला चव असलीच तर धातूची. रक्तात लिटरमागे शून्य पूर्णांक सहा ते एक मिलिमोल एवढं असलं की माणूस जमिनीवर राहतो. दीडच्या वर गेलं की ते विष आहे. मधली जागा पट्टीवर आखली तर अंगठ्याच्या नखाएवढी भरेल. म्हणून रक्त तपासायचं, आणि ते शेवटची गोळी घेतल्यानंतर बरोबर बारा तासांनी काढायचं; आधी काढलं तर आकडा फुगतो, उशिरा काढलं तर पडतो.

त्या दिवशीच्या अहवालात आकडा होता शून्य पूर्णांक एकतीस. एरवी त्यांचा आठ-दहा वेळा शून्य पूर्णांक आठच्या आसपास आलेला. शिवाय बहिणीनं चिठ्ठी पाठवली होती की दोन रात्री झोप नाही. बावीस वर्षांपूर्वीच्या आठ रात्री मला दिसल्या, खरं सांगायचं तर गच्ची दिसली. मी मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं : तीन गोळ्यांना एकतीस, तर पाच गोळ्यांना बावन्न. लिथियम त्रैराशिकानंच चालतं, ते त्याचं सौंदर्य आहे. तिनाच्या पाच केल्या, सकाळी दोन, रात्री तीन. पुढची तपासणी महिन्यानं लिहिली, कारण चिठ्ठीच्या छापील चौकटीत महिना आधीपासून भरलेला असतो. खरं तर डोस बदलला की आठवड्यात रक्त बघायचं असतं. हे मला माहीत होतं आणि आहे. पाचव्या मुद्द्याला, की औषध वाढवण्याचं कारण समजावलं नाही, मी हे त्रैराशिकच उत्तर म्हणून लिहिणार होते. लिहिलंही. वाचताना फार समाधान वाटलं, गणित सुटल्याचं.

राहिला चौथा. ‘सदर चाचणीबाबत विचारपूस केली नाही.’ एवढंच. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. चाचणीबाबत कसली विचारपूस? अहवाल त्यांनी आणला, मी पाहिला, आकडा नोंदीत आहे. ‘चाचणी अहवालाचे अवलोकन करण्यात आले’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. मुद्दा पुसट असला की उत्तरही पुसट चालतं, हे मी तोवर शिकले होते. पण मला पुसट गोष्ट सहन होत नाही. तो गुण नव्हे, खोड आहे. लहानपणी आई म्हणायची, ही मुलगी आमटीत सुद्धा डाळीचे दाणे मोजेल. मी फाइल घेऊन खाली तक्रार कक्षात गेले.

तिथल्या बाई चष्मा कपाळावर चढवून संत्रं सोलत होत्या. मूळ अर्ज हवा म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. गोषवारा नीट नाही का झाला, असं विचारलं. मी म्हटलं, फार नीट झालाय, फक्त चौथा मुद्दा कळत नाही. मग त्या खुलल्या. म्हणाल्या, मॅडम, तो अर्ज नाही, मुंग्यांची वारुळं आहेत, पहिलं पान छापल्यासारखं आणि मग जे काही सुरू होतं त्याला तोड नाही, मला दोन तास लागले. तुमच्या डॉक्टर लोकांचं अक्षर वाचून डोळे तयार झालेत म्हणून निभावलं. पाल्हाळही फार होतं, पोटाचं काय, तहानेचं काय. ते मी गाळलं, तुम्हाला मुद्द्याचं तेवढं द्यायचं असतं ना. चार-चारदा तेच शब्द, तेही एकेकदाच ठेवले. अर्ज करणाऱ्याची शोभा व्हायला नको, वयस्कर माणूस. त्यांनी कपाटातून लिफाफा काढला आणि संत्र्याची एक फोड माझ्यापुढे केली. मी ती घेतली. हातात धरून उभी राहिले, कारण तोवर पहिलं पान बाहेर आलं होतं.

अर्ज चार पानी होता. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, नकाशावर घालतात तशी, चौकटीत. पहिल्या पानावरची तारीख तपासणीनंतर तिसऱ्या दिवसाची. अक्षर असं की ओळीखाली रेघ नसताना रेघ दिसावी. मी बाईंच्या टेबलावरची पट्टी घेतली आणि मोजलं : अक्षरांची उंची चार मिलिमीटर, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत चार. दुसरं पान सातव्या दिवसाचं. चार, पाच, पाच, सहा. शिरोरेघेला बारीक दाते पडलेले, करवतीच्या पात्यासारखे. तिसरं पान दहाव्या दिवसाचं, तिथं शिरोरेघ सोडूनच दिली होती, अक्षरं सुटी, नऊ-दहा मिलिमीटरची, आणि ओळ उजवीकडे खाली कलत गेलेली. चौथं पान बाराव्या दिवसाचं. त्यावर एकूण सात ओळी मावल्या होत्या. कंपवाताचा एक प्रकार असतो त्यात अक्षर लहान लहान होत जातं. हे मोठं होत होतं. चौकटीतली तारीख चौकटीबाहेर पडली होती. सही कागदाच्या कडेवरून टेबलावर गेली असावी, कारण आडनावाची शेवटची दोन अक्षरं नव्हतीच.

मी उभ्याउभ्याच वाचलं. दुसऱ्या पानावर होतं : ‘रक्त देण्यापूर्वी केंद्रावर फोन करून विचारले. त्यांनी साखर व मूत्रपिंडाची तपासणीही असल्याने उपाशीपोटी या, गोळ्या नकोत, असे सांगितले. कागद कोरा असल्याशिवाय त्यावर आखू नये, या न्यायाने मी दोन दिवस आधीपासून गोळ्या बंद ठेवल्या. हे मी डॉक्टरांना सांगणार होतो. त्यांनी विचारले नाही. विचारतील असे वाटले होते, कारण पूर्वीचे डॉक्टर प्रत्येक वेळी विचारीत.’ तिसऱ्या पानावर, सुट्या अक्षरांत : ‘हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी दिलेल्या गोळ्या दिवसातून दोन घेतो. पोट बिघडले आहे. हे लिहिताना तीनदा उठलो. तहान तहान फार.’ चौथ्या पानावर तक्रारीचा मुद्दा असा नव्हता. ‘हात ऐकत नाही. ताई म्हणते म्हातारपण. म्हातारपण बारा दिवसांत येत नाही. बारा दिवसांत. कृपया चौकशी चौकशी व्हावी.’

बाई म्हणाल्या, खाऊन टाका, रस गळतोय.

एकतीस हा आकडा खोटा नव्हता. दोन दिवस आणि बारा तास गोळी पोटात नसलेल्या माणसाचा तो अगदी खरा आकडा होता. त्रैराशिक बरोबर होतं. मांडणीतला पहिला आकडाच दुसऱ्या प्रश्नाचा होता. पाच गोळ्यांना शून्य पूर्णांक बावन्न नव्हे, नेहमीच्या शून्य पूर्णांक आठच्या हिशेबानं एक पूर्णांक तेहतीस. त्यावर गुडघ्याची वेदनाशामक गोळी, जिच्यामुळे मूत्रपिंड लिथियम अडवून धरतं. त्यावर जुलाब, अंगातलं पाणी जातंय आणि क्षार मागे राहतोय. एक एक गोष्ट मी जिना चढता चढता मिळवत गेले आणि दुसऱ्या मजल्यावर मिळवणं थांबवलं. बारावा दिवस अर्जावर होता. त्यानंतर अर्ज आवक झाला, शिक्का बसला, गोषवारा झाला, फाइल लागली, फाइल वर आली, माझ्या टेबलावर पडून राहिली. आज अठरावा दिवस. या सहा दिवसांत प्रत्येकानं आपलं काम वेळेत केलं होतं. मी तर उत्तर मुदतीच्या चार दिवस आधी संपवणार होते. मला स्टुलावरचं स्टॉपवॉच आठवलं, त्याचं बटण दाबायला जरा घट्ट होतं, अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडला होता. मी आताही त्या पेराला हात लावून पाहिला. माझे गुरू, ज्यांच्या तीनशे बारा तपासण्या मी मोजल्या, ते लिथियमवाल्या प्रत्येक रुग्णाला खुर्चीत बसायच्या आत विचारायचे, शेवटची गोळी किती वाजता घेतली? मी पडद्यामागे ऐकायचे. तक्त्यात त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता, म्हणून तो लिहिला नाही.

नियमाप्रमाणे मी अधीक्षकांना कळवायला हवं होतं, त्यांनी तक्रार कक्षाला, कक्षानं रुग्णाला. अधीक्षक एका बैठकीला बाहेरगावी होते. मी सरांना फोन लावला, उचलला नाही. मग फाइलमधल्या नंबरावर लावला, माझ्या स्वतःच्या फोनवरून. नऊ वेळा रिंग गेली. नवव्या रिंगनंतर बहिणीनं उचलला आणि मी कोण ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तो अर्ज मागे घ्या म्हणून सांगणार असाल, तर त्याच्याशी आत्ता बोलता यायचं नाही. मी नको पाठवू म्हणत होते. पण बावीस वर्षांत कुणाबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हटलं काढू दे एकदा.”

मी म्हटलं, “ताई, अर्ज राहू दे. काका काय करतायत?”

“खुर्चीत आहे. झोपलाय म्हणा नाहीतर बसलाय म्हणा. काल संध्याकाळपासून असाच आहे. सकाळी पेला हातातून सुटला, पाय धड पडत नाहीत. शेजारचे विचारतात, काका या वयात प्यायला लागले का.”

मी त्यांना उठवायला सांगितलं. आज वार कोणता ते विचारा म्हटलं. फोन ओट्यावर की कशावर ठेवल्याचा आवाज झाला. मग लांबून तिचा आवाज, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चढा. मग दुसरा आवाज आला, जड, जिभेखाली काहीतरी धरून बोलल्यासारखा, प्रत्येक अक्षर वेगळं ओढत, आणि तो वार सांगत नव्हता. तो विचारत होता, अर्ज पोचला का.

बाकीचं मी भराभर सांगितलं : गोळ्या बंद, सगळ्या, गुडघ्याचीसुद्धा, गाडी करा आणि त्यांना तातडीच्या विभागात घेऊन या, आत्ता, मी दारात उभी असेन. ती म्हणाली, पण आज रात्रीच्या तीन राहिल्यात. मी म्हटलं, द्यायच्या नाहीत. ती म्हणाली, “तुम्हीच पाच लिहून दिल्यात ना? मी मोजून देते हो. एवढा बेजार होता तरी एकही चुकवू दिली नाही. सकाळच्या दोन तेवढ्या ओकला.” त्या ‘हो’मध्ये जे होतं ते माझ्या ओळखीचं होतं. प्रमाणपत्राची काच पुसताना आईच्या आवाजात असतं ते.

गाडी यायला अडतीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी तातडीच्या विभागात सांगून ठेवलं, किडनीच्या डॉक्टरांना कळवलं, डायलिसिसचं यंत्र मोकळं आहे का ते विचारलं. मग दारात उभी राहिले. दार आपोआप उघडणारं आहे. मी त्याच्या टप्प्यात उभी असल्यामुळे ते सारखं उघडत मिटत होतं, आणि पहारेकऱ्यानं दोनदा, अदबीनं, मला एक पाऊल बाजूला व्हायला सांगितलं. मी डोक्यात वाचत होते. लिथियमच्या विषबाधेतून वाचलेल्या काही जणांचा तोल आणि हाताचं वळण परत येत नाही. रक्तातून क्षार निघून जातो, मेंदूच्या मागच्या भागात झालेलं नुकसान राहतं. किती जणांचं राहतं याची टक्केवारी मला पाठ होती, परीक्षेला होती. आता ती आठवेना, आणि आठवत नाही याचं बरं वाटत होतं.

त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. मान कलली होती, ओठांना पापुद्रे आले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले आणि त्यातला डावा मधेच, कुणी दोरी ओढावी तसा, उडत होता. खिशात पट्टी होती. त्यांनी मला ओळखलं की नाही सांगता येत नाही. डोळे माझ्यावरून सरकून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले आणि तिथं थांबले. परिचारिकेनं रक्तासाठी ट्रेमधून नळी उचलली, हिरव्या टोपणाची. मी तिचा हात धरला. त्या हिरव्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आतून जे लावलेलं असतं त्यात लिथियमच असतं; तिच्यात घेतलं तर आकडा नळीचा येईल, माणसाचा नाही. ती म्हणाली, मॅडम, माहितेय मला, ही किडनीच्या तपासणीची आहे, तुमची लाल ही बघा. तिच्या दुसऱ्या हातात लाल होती. मी हात सोडला. मग बहिणीकडे वळले आणि विचारलं.

“ताई, शेवटची गोळी किती वाजता घेतली?”

तिनं पिशवीतून एक छोटी वही काढली. वहीत रकाने आखलेले होते, भावानं आखून दिले असावेत, आणि वेळा तिच्या हातच्या. “काल रात्री नऊ वाजून दहा, सकाळच्या ओकला त्या धरल्या नाहीत,” ती म्हणाली. “हे असं विचारतात होय? मला वाटलं, वही कुणी बघतच नाही.”

सलाईन लागलं. मूत्रपिंडावर ताण आलाय हे लघवीच्या रंगावरून दिसत होतं. सरांचा फोन आला तेव्हा मी जिन्याखालच्या बाकावर होते. मी सगळं सांगितलं, अक्षराची उंचीसुद्धा सांगितली. ते म्हणाले, रुग्ण आत आहे, उपचार सुरू आहेत, जे करायचं ते केलंस. आता लेखी काही देऊ नकोस, निदान वकिलांना विचारेपर्यंत. त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता, माझ्या काळजीचा. मी बरं म्हटलं. मग वर जाऊन फाइल घेऊन आले, टाचणी काढली, टोकनची पट्टी तिच्या जागी, सातव्या क्रमांकावर, खाली ठेवली. आधीच्या उत्तराचा कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहायला सुरुवात केली. हात अगदी स्थिर होता. त्याची लाज वाटली.

‘महोदय, आपल्या अर्जातील पाचही मुद्द्यांना क्रमाने उत्तर देण्याऐवजी मी चौथ्यापासून सुरुवात करते. रक्त काढण्यापूर्वी शेवटची गोळी कधी घेतली, हे मी आपणास विचारले नाही. हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. आपण दोन दिवस गोळ्या बंद ठेवल्या होत्या. ते कळले असते तर मी औषध वाढवले नसते, तपासणी पुन्हा करायला सांगितली असती. मी औषध वाढवले आणि आठवड्याने रक्त तपासायला सांगितले नाही. ही चूक आहे आणि ती माझी आहे. गुडघ्याच्या औषधाचा लिथियमवर परिणाम होतो. आपण गुडघ्याबद्दल बोलत असताना मी आपणास थांबवले, म्हणून हे आपणास सांगायचे राहून गेले. तिसरा मुद्दाही बरोबर आहे. दुसरा बरोबर आहे. पाचव्याबद्दल : औषध वाढवण्याचे कारण मी आपणास सांगितले असते, तर आपण मला तिथेच थांबवले असते. पहिल्या मुद्द्याबद्दल : नोंदीत सहा मिनिटे दहा सेकंद आहेत. त्यातला आपल्याकडे बघण्यात गेलेला वेळ यंत्रात नाही. आपण लिहिलेला चार मिनिटांचा अंदाज जास्तच असेल, कमी नसेल. आपला मूळ अर्ज, चारही पाने, या उत्तरासोबत जोडत आहे. गोषवारा वाचून उत्तर देऊ नये, अशी विनंती कार्यालयास करीत आहे.’

पुढे काय लिहायचं ते सुचेना. ‘आपली प्रकृती लवकर’ एवढं लिहून खोडलं. समोरच्या बाकावर बहीण वही मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, तो पुन्हा आखेल का, म्हणजे उगाच, घरी बसल्या आखत असतो काहीतरी. मी म्हटलं, आत्ता सांगता येत नाही. ती म्हणाली, “निदान तुम्ही माहीत नाही म्हणता. तो म्हणायचा, नव्या डॉक्टरीणबाई फार ठाम बोलतात.” आणि ती थोडं हसली, मी हसते का ते बघत. आतून यंत्राचा ठरावीक आवाज येत होता. मी तारीख घातली, सही केली, वेळही लिहिली, पाच वाजून पंधरा. तेवढ्यात प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ स्वतः खाली आला. असे आकडे ते फोनवर सांगत नाहीत. त्यानं कागद बहिणीकडे द्यावा की माझ्याकडे, असं क्षणभर पाहिलं आणि माझ्याकडे दिला.

नमुना घेतल्याची वेळ चार वाजून वीस मिनिटं. शेवटच्या मात्रेनंतर एकोणीस तास दहा मिनिटं. नळी लाल. क्रिएटिनिन २.१. लिथियम २.६४ मिलिमोल प्रति लिटर, दोनदा तपासलं.